फोटोतला तक्ता, पाच-पाच आकड्यांचे तीन ग्रुप आणि एक न कळणारा सात

रात्री साडेदहाला मामेभावाचा मेसेज आला, "ताई, हे जरा बघ ना, परवा रिपोर्ट द्यायचाय", आणि खाली एक फोटो. वहीच्या पानाचा, पिवळ्या दिव्याखाली काढलेला, वरच्या उजव्या कोपऱ्यात फ्लॅशचा पांढरा डाग, आणि पान शिवणीकडे वळलेलं असल्यामुळे शेवटच्या कॉलमच्या ओळी खाली घसरल्यासारख्या दिसत होत्या. मी दिवसभर आकड्यांचंच काम करते त्यामुळे असे फोटो मला नवीन नाहीत, पण या एका फोटोवर आमची दोन रात्री चर्चा चालली आणि त्यातून रँकवाल्या टेस्टबद्दल काही गोष्टी मला स्वतःलाच नव्याने नीट दिसल्या, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

प्रयोग साधा होता. लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून ग्लूने चिकटवायच्या, सगळ्यांना सारखाच वेळ वाळू द्यायचं, मग जोडाला ठरावीक वजन टांगायचं आणि किती मिनिटांनी जोड सुटतो ते मोजायचं. ग्लू तीन, ए बी आणि सी, प्रत्येकाचे पाच जोड, म्हणजे एकूण पंधरा आकडे. प्रश्न एवढाच की तिन्ही ग्लू सारखेच टिकतात की फरक आहे.

मी आधी फोटो झूम करून कागदावर उतरवून घेतला. ए मध्ये १२, १७, ९, २१, १४. बी मध्ये २६, १९, ३३, २४, ५८. सी मध्ये ३८, मग एक आकडा जो ७१ पण असू शकतो आणि ११ पण, मग २९, मग "१२०+", आणि शेवटी २६.

त्या १२०+ वर मी थांबले. फोन करून विचारलं की हे प्लस काय आहे. तो म्हणाला, "अगं तो सुटलाच नाही, दोन तास झाले, स्टँड दुसऱ्यांना द्यायचा होता म्हणून बंद केलं." म्हणजे त्या जोडाची खरी वेळ आपल्याला माहीतच नाही, एवढंच माहीत की ती १२० पेक्षा जास्त आहे. आता त्याने रिपोर्टच्या कच्च्या खर्ड्यात तिथे सरळ १२० लिहून सरासरी काढली होती आणि अनोव्हा लावायचं ठरवलं होतं, कारण वर्गात तेच शिकवलंय, तीन ग्रुप आले की अनोव्हा, म्हणजे ग्रुपच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टेस्ट. मी त्याला म्हटलं थांब, आधी या आकड्यांकडे नुसतं बघ.

ए चे पाचही आकडे ९ ते २१ च्या मध्ये आहेत, अगदी आटोपशीर. बी मध्ये चार आकडे १९ ते ३३ आणि मग एकदम ५८. सी मध्ये तर २६ पासून १२० च्या पलीकडे. म्हणजे जसजसा ग्लू जास्त टिकतोय तसतसा पसाराही वाढतोय आणि सगळ्या शेपट्या एकाच बाजूला, वरच्या बाजूला आहेत. "किती वेळ टिकलं" या जातीच्या आकड्यांत हे नेहमीच दिसतं, कारण वेळ शून्याच्या खाली जाऊ शकत नाही पण वर कितीही जाऊ शकतो. अनोव्हाला हवं असतं की प्रत्येक ग्रुपमधले चढउतार घंटेच्या आकाराचे असावेत आणि पसारा साधारण सारखा असावा. इथे दोन्ही डळमळीत.

त्याने विचारलं की मग शापिरो-विल्क लावून बघू का, डेटा नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा, आहे का ते कळेल. हा प्रश्न मला फार वेळा येतो. पाच आकड्यांवर ती टेस्ट लावली तर ती बहुतेक वेळा "काही गडबड दिसत नाही" असंच सांगणार, कारण पाच आकड्यांत गडबड पकडायची ताकदच तिच्यात नसते. ती पास झाली म्हणजे डेटा नॉर्मल आहे असं नाही, पाच आकड्यांवरून सांगता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि सी मध्ये तर एक आकडा हा आकडाच नाही, मग तिथे टेस्टमध्ये टाकणार तरी काय. त्यामुळे ठरवायचं ते मोजमाप कसलं आहे यावरून, आणि इथे वेळ मोजलेली आहे, वरच्या बाजूला शेपटी आहे, एक जोड अर्धवट सोडलेला आहे. माझ्या मते तो एक प्लसच अनोव्हा बाजूला ठेवायला पुरेसा होता.

मग पर्याय क्रुस्कल-वॉलिस. विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस या दोघांनी १९५२ मध्ये मांडलेली टेस्ट. कल्पना अशी की खरे आकडे बाजूला ठेवा, पंधराही जोड एका रांगेत उभे करा, सगळ्यात आधी सुटला त्याला १ नंबर, शेवटच्याला १५, आणि मग बघा की एखाद्या ग्रुपकडे सगळे छोटे नंबर आणि दुसऱ्याकडे सगळे मोठे नंबर गेलेत का. ग्लूमध्ये काहीच फरक नसता तर हे नंबर तिन्ही ग्रुपमध्ये पत्ते पिसल्यासारखे वाटले गेले असते. आणि इथे १२०+ ची अडचण आपोआप सुटते, कारण तो १२१ ला सुटला असता किंवा पाचशेला, रांगेत त्याची जागा शेवटचीच, नंबर १५.

(असे प्लसवाले जोड दोन असते तर दोघांनाही वरचा समान रँक द्यावा लागला असता. आणि वेगवेगळे जोड वेगवेगळ्या वेळी बंद केले असते, एक ४० ला आणि एक १२० ला, तर हा सोपा रस्ता बंद झाला असता, कारण ४०+ वाला जोड ५८ वाल्याच्या आधी सुटला असता की नंतर हे कोण सांगणार. तेव्हा सर्व्हायव्हल ॲनालिसिसच्या पद्धती लागतात. आमच्याकडे एकच होता आणि तो सगळ्यात वरचा होता.)

आता त्या ७१ की ११ कडे. मी इथे एक चूक केली ती सांगते. फोटोतला आकडा नक्की काय आहे हे ठरायच्या आधीच मी दोन्ही धरून हिशोब करून बघितला. उत्सुकता होती. पण एकदा दोन्ही उत्तरं दिसली की मन आपोआप बरं दिसणाऱ्या उत्तराकडे झुकतं आणि मग फोटोतसुद्धा तोच आकडा दिसायला लागतो. दोन्ही धरून बघणं यात वाईट काही नाही, पण कुठला आकडा खरा हे त्यावरून ठरू नये, ते वहीवरूनच ठरायला हवं.

पण त्या हिशोबातून एक गोष्ट छान उघडी पडली, ती अशी की फोटोत मला चार ठिकाणी शंका होती आणि त्यातल्या तीन शंकांनी काहीच फरक पडत नव्हता. ए मधला १७ हा ११ असू शकत होता. समजा ११ धरला, तर ए चे आकडे ९, ११, १२, १४, २१ होतात आणि रांगेत ए कडे येणारे नंबर तेच राहतात, १, २, ३, ४ आणि ६, फक्त कुठला जोड कुठल्या नंबरवर ते आपापसात बदलतं. बी मधला ५८ हा ५३ असू शकत होता, पण ३८ आणि ७१ च्या मध्ये दुसरं कोणी नाही, त्यामुळे ५३ असो की ५८, जागा तीच. ए मधला ९ हा ४ असता तरी तो पहिलाच. पान वळल्यामुळे सी च्या ओळी खालीवर झाल्या होत्या त्याचीही काळजी नव्हती, कारण एका ग्रुपच्या आत कुठला आकडा कितव्या ओळीत आहे याला या टेस्टमध्ये काही अर्थच नाही, फक्त आकडा त्याच्या कॉलममध्ये राहिला पाहिजे. पण सी मधला तो एक आकडा ७१ असेल तर रांगेत चौदावा आणि ११ असेल तर दुसरा. एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला.

म्हणून आता मी फोटोवरून रँकवाली टेस्ट करायची असेल तर प्रत्येक शंकेच्या आकड्यापुढे दोन्ही वाचनं लिहिते आणि रांगेत तो कोणाला ओलांडून जातो का ते बघते. दुसऱ्या ग्रुपच्या कोणालाच ओलांडत नसेल तर टेस्टपुरती ती शंका सोडून देता येते, ओलांडत असेल तर मूळ कागद मागवायचा.

मी त्याला मूळ वही मागितली. तो म्हणाला, "ताई, सात आहे तो, मला माहितीये." मी म्हटलं असेल, पण मला दिसू दे. आधी मी त्याच फोटोतले बाकीचे एक आणि सात कापून शेजारी शेजारी ठेवले. तो इंग्रजी आकडे लिहितो, सातला मधून आडवी रेघ देत नाही, आणि घाईत एकच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ देतो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. ए मधल्या १७ मध्ये एक आणि सात शेजारी होते, तिथे सातची वरची रेघ लांब आणि आडवी, एकची आखूड आणि खाली उतरती. सी मधल्या आकड्याची रेघ लांब वाटत होती पण नेमकी तिथपर्यंत फ्लॅशचा डाग आला होता. पण नुसत्या वाटण्यावर मी थांबायला तयार नव्हते.

मग बोलता बोलता कळलं की डाव्या पानावर प्रत्येक जोडाची सुरुवातीची आणि सुटल्याची घड्याळातली वेळ लिहिलेली आहे, फोटोत फक्त उजवं पान आलं होतं. हे ऐकून मला एवढं हायसं वाटलं! सकाळी उजेडात खिडकीपाशी वही सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, दोन्ही पानांचा फोटो काढायला लावला. सी चा दुसरा जोड, टांगला १०:४२, सुटला ११:५३. म्हणजे ७१. प्रश्न मिटला.

तरी मी त्याला एवढ्यावर सोडलं नाही, पंधराही जोडांच्या वेळा परत वजा करायला लावल्या. फक्त शंकेचे आकडे तपासले तर आपण आपल्याला खटकलेल्याच गोष्टी दुरुस्त करतो आणि न खटकलेल्या चुका तशाच राहतात. आणि सापडलीच एक, बी मधला ३३ हा खरं तर ३४ होता, वजाबाकी चुकली होती. रांगेत २९ आणि ३८ च्या मध्येच राहिला त्यामुळे टेस्टला फरक नाही, पण तक्त्यात दुरुस्त केला.

आता रांग. हे मी त्याला हातानेच करायला लावलं, पंधरा आकडे आहेत, पाच मिनिटांचं काम आणि एकदा हाताने केलं की टेस्ट काय करते ते कायमचं समजतं.

```
9A 12A 14A 17A 19B 21A 24B 26B 26C 29C 34B 38C 58B 71C 120+C
```

२६ दोनदा आलाय, एक बी चा आणि एक सी चा. त्यांच्या जागा आठवी आणि नववी, तर दोघांनाही ८.५ द्यायचा. त्याने आधी दोघांना ८ दिला आणि पुढच्याला ९, त्यामुळे पुढचे सगळे एकेक नंबर मागे गेले. हे पकडायचा सोपा उपाय म्हणजे सगळ्या रँकची बेरीज, पंधरा जणांची ती १२० आलीच पाहिजे, १५ गुणिले १६ भागिले २. त्याची ११३ आली तेव्हा त्याला स्वतःलाच कळलं. दुरुस्त केल्यावर ए ची बेरीज १६, बी ची ४४.५, सी ची ५९.५, मिळून १२०.

बेरजा बघूनच चित्र दिसतं. फरक नसता तर प्रत्येकाकडे ४० च्या आसपास आले असते. पाच जोडांकडे कमीत कमी १५ येऊ शकतात, १ ते ५ ची बेरीज, आणि ए कडे १६ आहेत, म्हणजे ए जवळजवळ तळाला चिकटलेला. फॉर्म्युला फक्त या बेरजा चाळीसपासून किती लांब गेल्यात ते एका आकड्यात, एच मध्ये, बांधतो; N म्हणजे एकूण जोड, n म्हणजे एका ग्रुपचे जोड आणि R म्हणजे त्या ग्रुपच्या रँकची बेरीज.

```
H = 12/(N(N+1)) × Σ(R²/n) − 3(N+1)
  = 12/240 × (16² + 44.5² + 59.5²)/5 − 48
  = 9.765
```

दोन २६ सारखे आल्यामुळे छोटी दुरुस्ती करायची असते, एच ला ०.९९८२ ने भागायचं, ९.७८ होतं. एकाच जोडीमुळे फरक नगण्य आहे, पण मिनिटं पूर्णांकात मोजली आणि आकडे सारखे सारखे आले, किंवा १ ते ५ असं रेटिंग असेल, तर ही दुरुस्ती चांगलीच मोठी होते. सॉफ्टवेअर ती स्वतःच करतं, म्हणून हाताचं उत्तर आणि मशीनचं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाला जुळलं नाही तर आधी तिथे बघायचं.

मग आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं.

```r
a <- c(12, 17, 9, 21, 14)
b <- c(26, 19, 34, 24, 58)
s <- c(38, 71, 29, 999, 26)
kruskal.test(list(a, b, s))
```

९९९ हा १२०+ च्या जागी. रँकला तो सगळ्यात मोठा आहे एवढंच हवं असतं. "120+" असंच अवतरणात टाकलं तर आर पूर्ण सी ग्रुपलाच अक्षरं समजतं, आणि माहीत नाही म्हणून NA टाकलं तर तो जोड गुपचूप वगळला जातो, म्हणजे नेमका सगळ्यात टिकाऊ जोड गायब. एक काळजी मात्र घ्या, या ९९९ वाल्या यादीवरून सरासरी चुकूनही काढू नका, आणि फाईलमध्ये बाजूला लिहून ठेवा की हा खोटा आकडा कशासाठी आहे. उत्तर आलं, 9.7825, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, पी व्हॅल्यू 0.007512, म्हणजे ग्लू सारखेच असते तर नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून जास्त फरक दिसायची शक्यता; ती पाच टक्क्यांच्या खाली आली की फरक आहे असं धरायची पद्धत आहे.

ही पी व्हॅल्यू काय-स्क्वेअर नावाच्या ठरलेल्या वक्राच्या अंदाजावरून येते, आणि छोट्या ग्रुपवर तो अंदाज किती खरा हा रास्त प्रश्न आहे. छोट्या ग्रुपसाठी नेमक्या हिशोबाचे तक्ते आहेत, त्यात ५-५-५ साठी पाच टक्क्यांची सीमा ५.७८ आहे, काय-स्क्वेअरची ५.९९. म्हणजे पाच-पाचला अंदाज बरा चालतो, किंचित जास्त कडक आहे एवढंच. आमचे ९.७८ दोन्हीच्या बरेच पुढे. पण ग्रुप अजून छोटे असते तर? दोन-दोन जोडांचे तीन ग्रुप असतील तर सहा जण तीन ग्रुपमध्ये वाटायच्या ९० पद्धती होतात आणि त्यातल्या ६ पूर्ण वेगळ्या रचना असतात, म्हणजे ग्रुप कितीही स्वच्छ वेगळे निघाले तरी नेमकी पी व्हॅल्यू ६ भागिले ९०, म्हणजे ०.०६७ च्या खाली जाऊच शकत नाही. तिथे टेस्ट करायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं. तीन-तीनला १६८० पद्धती आहेत, तिथून पुढे काहीतरी बोलता येतं.

उत्सुकता म्हणून त्याने अनोव्हा पण चालवून बघितलं, १२०+ ला १२० धरून. पी ०.०५६. तो म्हणाला यात तर फरकच नाही आला. मी म्हटलं आता समज तो जोड तीनशे मिनिटं टिकला असता, म्हणजे सी ग्लू अजून चांगला निघाला असता, १२० च्या जागी ३०० टाक. पी झाली ०.२१. ग्लू जास्त चांगला आणि पुरावा कमी! कारण त्या एका आकड्याने सी ची सरासरी वर नेली खरी, पण पसारा त्याहून कितीतरी जास्त फुगवला आणि अनोव्हा फरक मोजतं ते पसाऱ्याच्या पट्टीने. रँकमध्ये ३०० टाका नाहीतर ३०००, ०.००७५ हलत नाही. मला वाटतं तेव्हा त्याला खरं पटलं, त्याआधी तो माझं ऐकत होता फक्त.

आता मी आधी करून ठेवलेला ११ वाला हिशोब सांगते. सी मधला तो आकडा ११ असता तर बेरजा २०, ४९.५ आणि ५०.५ झाल्या असत्या, एच ६.०२ आणि पी ०.०४९. म्हणजे एका रेघेच्या लांबीवर ०.००७५ चं ०.०४९ होत होतं. दोन्ही पाच टक्क्यांच्या आत आहेत, त्यामुळे कोणी म्हणेल मग काय बिघडलं. पण पुढची पायरी बघा.

क्रुस्कल-वॉलिस एवढंच सांगते की तिन्ही सारखे नाहीत, कोण कोणापेक्षा वेगळा ते सांगत नाही. त्यासाठी आम्ही डन टेस्ट ठरवली होती, पहिल्याच रात्री, आणि तीन तुलना असल्यामुळे पी ला तीनने गुणायचं म्हणजे बॉनफेरोनी. डन मध्ये तीच पंधरा जणांची रांग वापरतात, फक्त ग्रुपच्या सरासरी रँकमधला फरक बघतात. ए ची सरासरी रँक ३.२, बी ची ८.९, सी ची ११.९. दोन ग्रुपमधल्या फरकाची स्टँडर्ड एरर इथे २.८३ येते. ए आणि सी मध्ये फरक ८.७, भागिले २.८३ म्हणजे ३.०८, पी तीनने गुणून ०.००६. ए आणि बी मध्ये ५.७, भागून २.०२, पी ०.०४४ आणि तीनने गुणल्यावर ०.१३. बी आणि सी मध्ये ३, तिथे तर काहीच नाही, गुणल्यावर ०.८ च्या वर. म्हणजे खात्रीने बोलता येतं ते फक्त ए आणि सी बद्दल. आकडा ११ असता तर हेही गेलं असतं, ए-सी ची पी ०.०९ झाली असती, आणि रिपोर्टमध्ये लिहावं लागलं असतं की एकूण फरक दिसतो पण कुठल्याच जोडीत तो दाखवता येत नाही. असं होऊ शकतं, दोन पायऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत, पण इथे ते एका फ्लॅशच्या डागामुळे झालं असतं.

ए-बी चे ०.१३ त्याला टोचत होते. ए चे चार जोड बी च्या सगळ्या जोडांच्या आधी सुटलेत, फक्त एक २१ वाला १९ च्या पुढे गेलाय, डोळ्याला तर फरक दिसतोच. त्याच्या एका सीनियरने सांगितलं की तीन वेळा मॅन-व्हिटनी कर. त्याने केलं आणि उत्साहाने फोन आला, "ताई, ए-बी ०.०१६ आलं, तीनने गुणून ०.०४८, पाचच्या आत!" हिशोब त्याचा बरोबर होता. मॅन-व्हिटनी प्रत्येक जोडीसाठी फक्त त्या दहाच जणांची नवीन रांग लावते, सी ला बाहेर ठेवते, आणि डन पंधरा जणांची एकच रांग ठेवते, म्हणून उत्तरं वेगळी येतात. दोन्ही पद्धती लोक वापरतात आणि दोन्हीला आधार आहे. तो आधी मॅन-व्हिटनी ठरवून बसला असता तर मी काही बोलले नसते. पण आपण डन ठरवलं, उत्तर बघितलं, आवडलं नाही म्हणून दुसरं शोधलं आणि ते ०.०४८ निघालं, हे त्या पाच टक्क्यांच्या हिशोबात बसत नाही, कारण असे दोन-तीन दरवाजे ठोठावले तर एखादा उघडणारच. तो थोडा नाराज झाला. मी त्याला म्हटलं दोन्ही लिही, डन मुख्य, आणि खाली एक ओळ की जोडीजोडीने मॅन-व्हिटनी केल्यास ए-बी चं उत्तर सीमेवर येतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

अजून दोन शब्दांवर आमची चर्चा झाली. त्याने लिहिलं होतं "तिन्ही ग्लूच्या मीडियनमध्ये फरक आहे". मी ते बदलायला लावलं. तिन्ही ग्रुपचा आकार आणि पसारा सारखा असेल, फक्त जागा सरकलेली असेल, तरच क्रुस्कल-वॉलिसचं उत्तर मीडियनबद्दल आहे असं म्हणता येतं. इथे पसारा उघड वेगळा आहे. म्हणून आम्ही लिहिलं की सी चे जोड ए च्या जोडांपेक्षा जास्त वेळ टिकण्याकडे झुकतात, आणि खरंच ए चा सगळ्यात चांगला जोड २१ आणि सी चा सगळ्यात वाईट २६, एवढं वाक्य कोणालाही कळतं. मीडियन तक्त्यात दिले, १४, २६ आणि ३८, कारण १२०+ असूनही मीडियन काढता येतो, सरासरी येत नाही.

दुसरं म्हणजे त्याच्या तक्त्यात ओळींना १ ते ५ नंबर होते, म्हणून गाईड सरांनी त्याला विचारलं की ओळी जुळतात तर फ्रीडमन, म्हणजे प्रत्येक ओळीच्या आतच रँक लावणारी टेस्ट, का नाही. हा प्रश्न एकदम योग्य होता आणि मी तो आधीच विचारायला हवा होता. पहिल्या ओळीतले तिन्ही जोड एकाच फळीतून कापलेले असते, किंवा एकाच दिवशी एकत्र केलेले असते, तर ओळीला अर्थ असता आणि मग क्रुस्कल-वॉलिस नाही, फ्रीडमन लावावी लागली असती. मी त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं. सगळ्या पट्ट्या आधी कापून एका डब्यात टाकल्या होत्या, त्यातून न बघता उचलून ग्लू लावला, कुठला जोड कधी टांगायचा तेही चिठ्ठ्या टाकून. ओळीचा नंबर फक्त लिहायच्या सोयीचा. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण हे नसतं तर दोन रात्रींचं सगळं काम परत करावं लागलं असतं. एकच जोड परत चिकटवून दोनदा मोजलेला नाही ना तेही विचारून घेतलं, पंधरा आकडे म्हणजे पंधरा वेगळे जोड असलेच पाहिजेत, रँक लावल्याने ही अट सुटत नाही.

शेवटी रिपोर्टमध्ये निकालाचा परिच्छेद चार ओळींचा झाला. बी बद्दल त्याने लिहिलं की बी हा ए पेक्षा सरस असावा असं दिसतं पण पाच-पाच जोडांवर ते ठामपणे सांगता येत नाही. परिशिष्टात दिवसाच्या उजेडातला दोन्ही पानांचा फोटो लावला, आणि त्याखाली ३३ चा ३४ का केला आणि १२०+ च्या जागी काय धरलं ते लिहिलं. पुढच्या खेपेला तो प्रत्येक ग्लूचे दहा जोड करणार आहे, आणि मला म्हणाला की सातला आता मधून रेघ देतो.